मूडप्रमाणे आयफोनची पानं: प्रत्येक पानाला वेगळा रंग देता येतो का?

द्राक्षबाग_तासगाव | सोमवार, २४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मंडळी, प्रश्न तसा छोटा आहे, पण माझे दोन रविवार यात गेलेत. दिवसभर सांगलीत बँकेत नोकरी, सकाळी आणि सुट्टीला तासगावकडची बाग, आणि रात्री वेळ मिळाला तर पेटी घेऊन बसतो. तिन्ही वेळा डोकं वेगळं असतं, म्हणून फोनवर तीन पानं केलीत.

पहिलं पान बँकेचं. वर कॅलेंडरचं आडवं विजेट, खाली मेल, ओटीपीचं ॲप, टिपणं. दुसरं बागेचं. हवामानाचं विजेट, कॅमेरा, कॅल्क्युलेटर आणि छाटणीनंतरचे दिवस दाखवणारं एक विजेट मी स्वतः केलंय (ते नीट चालत नाही, पण तो रडगाण्याचा भाग नंतर). तिसरं निवांत. एक फोटोचं विजेट, तानपुऱ्याचं ॲप, गाणी, बाकी मोकळी जागा. आयओएस १८ पासून आयकॉन कुठल्याही चौकटीत ठेवता येतात, म्हणून सगळे तळाला ओढून घेतले. वर नुसता वॉलपेपर दिसतो. बरं वाटतं.

आता रंग. रिकाम्या जागी बोट दाबून धरायचं, वर डावीकडे Edit, मग Customize, मग Tinted. दोन पट्ट्या येतात, एक रंगाची आणि एक तो रंग किती गडद-फिका त्याची. शेजारी ड्रॉपरचं चिन्ह आहे, त्याने वॉलपेपरमधलाच रंग उचलता येतो. मी आमच्या बागेच्या फोटोतून पानाचा हिरवा उचलला. झकास दिसलं. मग बँकेच्या पानावर गेलो तर तेही हिरवं. तिथे निळसर राखाडी केलं तर बागही निळी!

मला बँक राखाडी, बाग हिरवी आणि निवांत केशरी असं हवंय. जमतं का? फोन १३ आहे, आयओएस १८. २६ वर अजून गेलो नाही.

---

भडंगप्रेमी | ९:१८

बँकेचं पान राखाडी ठेवलंस यातच सगळं आलं.

---

कृष्णाकाठ_कराड | ९:३१

जमतं की. फोकस लावा. Settings मध्ये Focus, तिथे नवीन फोकस करा, त्याला वॉलपेपर आणि होम स्क्रीनची पानं जोडा. फोकस बदलला की वॉलपेपर बदलतो आणि त्याबरोबर आयकॉनचा रंगही बदलतो. माझ्याकडे रात्री फोकस लागला की सगळे आयकॉन काळे होतात, सकाळी परत रंगीत. सहा महिने वापरतोय.

---

द्राक्षबाग_तासगाव | ९:४४

कराडकर, धन्यवाद. आत्ता करून बघितलं. वॉलपेपर बदलला, पानंही बदलली, रंग मात्र ढिम्म हलत नाही. माझंच काही चुकतंय का?

---

जुनं_ते_सोनं | १०:०२

माझ्याकडे अँड्रॉईड आहे. त्यावर लाँचर टाकून आयकॉन पॅक बदलता येतात, हे सगळं दहा वर्षांपूर्वी करून कंटाळलो. तुम्ही लोक दुप्पट पैसे मोजून आता चौकोन हलवायला शिकताय. असो. माझा प्रश्न वेगळा आहे: हवामानाच्या विजेटमध्ये गाव सांगलीच दाखवतं, विट्याचं कसं आणायचं?

---

भडंगप्रेमी | १०:०५

@जुनं_ते_सोनं काका, दुप्पट पैसे मोजून शिकतोय म्हणूनच तर लक्षात राहतं. आणि विजेट दाबून धरा, त्यात गाव बदलायचं असतं. अँड्रॉईडवरही तेच.

---

मिरजेची_तार | १०:४०

मी आयफोनची ॲप्स लिहिते. पुण्यात नोकरी, माहेर मिरज. आमच्या गल्लीत सतार-तानपुरे बनतात, त्यामुळे तानपुऱ्याचं ॲप वाचून गंमत वाटली. पण ते जाऊ दे.

सरळ उत्तर असं: नाही जमत. टिंट हा अख्ख्या होम स्क्रीनचा एकच रंग आहे. पानाचा नाही, फोकसचाही नाही. फोकसला काय जोडता येतं? लॉक स्क्रीन, त्या लॉक स्क्रीनबरोबर जोडीने येणारा होम स्क्रीनचा वॉलपेपर, आणि कुठली पानं दिसायची ते. खालचा डॉकसुद्धा सगळीकडे तोच राहतो.

कृष्णाकाठ, तुमचं निरीक्षण खरं आहे, कारण वेगळं आहे. तुमचे आयकॉन Automatic वर असणार. ते फोन डार्क झाला की काळे होतात, उजळ झाला की रंगीत. तुमचा रात्रीचा फोकस आणि फोन डार्क होण्याची वेळ जवळपास एकच असेल, म्हणून वाटतं की फोकसने रंग बदलला. उद्या भर दुपारी फोकस हाताने चालू करून बघा.

---

कृष्णाकाठ_कराड | मंगळवार, दुपारी १:२०

केला. काही झालं नाही. सहा महिने ज्या गोष्टीचं श्रेय फोकसला देत होतो ती सूर्यास्ताने केलेली होती. शब्द मागे घेतो.

---

मिरजेची_तार | १:४५

मागे घ्यायची गरज नाही, त्यातून निम्मं काम होतं. Shortcuts मध्ये Automation करा: अमुक फोकस चालू झाला की Set Appearance करून Dark, बंद झाला की Light. आयकॉन Automatic वर ठेवा. म्हणजे एक पान उजळ आणि एक काळं असं दोन वेषांत फोन फिरतो. तीन रंग मात्र नाहीत.

---

अजिंक्यतारा_७७ | २:१०

विरोधी मत नोंदवतो. मी साताऱ्यात राहतो, फोनवर एकच पान आहे आणि त्यावर आठ आयकॉन. बाकी खाली ओढून शोधायचं, दोन अक्षरं टाकली की ॲप समोर. मूडप्रमाणे पानं करणारी माणसं पानं करतानाच मूडमध्ये असतात, नंतर कोण बघतंय?

---

सातारची_सून | २:३८

@अजिंक्यतारा_७७ भाऊजी, आमच्या सासूबाईंना दोन अक्षरं टाकून शोधायला सांगा आणि मग इथे येऊन लिहा.

टिंटबद्दल माझा अनुभव सांगते. सासूबाईंकडे माझा जुना एक्सआर आहे. तो १८ च्या पुढे जातच नाही. नणंदेने हौसेने त्यांचे सगळे आयकॉन गुलाबी करून दिले. दिसायला गोड. दुसऱ्या दिवसापासून तक्रार, "फोन लागत नाही." बघते तर त्या व्हॉट्सॲप उघडून त्यात नंबर शोधत होत्या. इतकी वर्षं त्या नाव वाचून नव्हे, रंग आणि जागा बघून बोट ठेवत होत्या. व्हॉट्सॲपच्या फुग्यातही फोनचा रिसीव्हर, फोनच्या आयकॉनवरही रिसीव्हर. आधीही दोन्ही हिरवेच होते म्हणा, पण छटा वेगळी होती, आजूबाजूचे रंग वेगळे होते, त्यावरून ओळख पटायची. सगळंच गुलाबी झाल्यावर कसली ओळख. त्यात नणंदेने Large पण करून ठेवलं होतं. त्यात आयकॉन मोठे होतात पण खालची नावं जातात!

मी Light वर आणलं, नावं परत आणली, फोन डॉकमध्ये आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या टोकाला. तक्रार बंद.

---

द्राक्षबाग_तासगाव | रात्री ८:५५

ताई, तुमचं वाचून माझ्या दुसऱ्या रडगाण्याचं कारण कळलं असं वाटतंय.

बागेत सगळं छाटणीपासूनच्या दिवसावर चालतं. फवारणी, डिपिंग, विरळणी, कुणी तारीख विचारत नाही, "कितवा दिवस?" विचारतात. म्हणून मी स्क्रिप्टेबल ॲपमध्ये छोटं विजेट लिहिलं. छाटणी १२ ऑक्टोबरला झाली. विजेटवर काल आकडा आला १२. वडील म्हणाले, "बाराव्या दिवशी फुलोरा आला का रे तुझ्या?" शिवाय ठरलेला दिवस जवळ आला की आकडा लाल व्हावा असं लिहिलं होतं, तो लाल होतच नाही. हे घ्या:

```
let d = new Date(2025, 10, 12)
let n = Math.floor((Date.now() - d) / 86400000)
let w = new ListWidget()
let t = w.addText("दिवस " + n)
if (n >= 40) t.textColor = Color.red()
Script.setWidget(w)
Script.complete()
```

---

भडंगप्रेमी | ९:०१

बँकेच्या माणसाने तारखेत एक महिन्याचा घोळ घातलाय. ठेवी कुठे ठेवल्यात ते आधी तपासून येतो.

---

मिरजेची_तार | ९:३५

भडंगप्रेमींनी बरोबर पकडलं. या भाषेत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, म्हणून ऑक्टोबर नऊ. तुम्ही दहा लिहिलंत म्हणजे १२ नोव्हेंबर झाला, आणि काल २४ तारखेला आकडा १२. नऊ केलंत की काल ४३ आला असता. ही चूक ओळखायची खूण म्हणजे आकडा बरोब्बर एका महिन्याच्या दिवसांनी चुकतो, इथे ३१ ने. दोन-तीन दिवसांचा फरक असता तर वेगळं काही शोधलं असतं.

लाल न होण्याची दोन कारणं. एक तर आकडा चाळिशीला पोचलाच नव्हता. पण पोचला असता तरी लाल दिसला नसता, आणि इथे सातारच्या ताईंचा मुद्दा येतो. टिंट चालू असताना फोन विजेटमधले रंग काढून टाकतो. मागची पार्श्वभूमी जाते, आणि मजकुराचं फक्त किती ठळक-पुसट तेवढं उरतं, त्यावर तुमचा एक रंग चढतो. लाल, हिरवं, पिवळं, सगळं एकाच रंगाचं. तुमच्या निवांत पानावरचा फोटोही असाच एकरंगी झाला असेल, बघा. ॲप लिहिणाऱ्याने मुद्दाम सांगितलं असेल की हे चित्र मूळ रंगात ठेव, तरच ते तसं राहतं. आणि बऱ्याच ॲपवाल्यांनी ते काम केलेलं नाही.

म्हणून टिंट वापरायचा असेल तर विजेटमध्ये रंगाने काही सांगू नका, शब्दाने सांगा. लालच्या ओळीऐवजी असं:

```
if (n >= 40) w.addText("▲ डिपिंग बघा")
```

---

द्राक्षबाग_तासगाव | ९:५०

नऊ केलं. ४४ आला. वडिलांना दाखवला तर म्हणाले, पंचेचाळीस. छाटणीचा दिवस धरायचा असं त्यांचं म्हणणं, शेजारच्या बागवाल्याचं म्हणणं धरायचा नाही. हा वाद माझ्या जन्माआधीपासूनचा आहे, तो स्क्रिप्टेबलने मिटणार नाही.

फोटो खरंच एकरंगी आहे. मला वाटलं होतं मुद्दाम तसं कलात्मक केलंय.

---

वांगी_बुद्रुक | १०:१५

आमच्यात छाटणीचा दिवस धरत नाहीत. पण सल्लागार कोण आहे त्यावर असतंय. एकाच वेळापत्रकावर चालायचं, मग धरला काय न धरला काय. विजेटवर दोन्ही आकडे टाक.

---

अजिंक्यतारा_७७ | १०:२२

किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने.

---

द्राक्षबाग_तासगाव | बुधवार, सकाळी ६:०५

@अजिंक्यतारा_७७ आज पहाटे साडेपाचला ब्लोअर जोडताना फोन बघितला तर विजेट अजून ४४ वरच. आज ४५ हवा. त्या क्षणी तुमचं पेन आठवलं.

---

मिरजेची_तार | सकाळी ८:४०

हे होणारच होतं. विजेट म्हणजे सतत चालू असलेलं ॲप नाही. फोन अधूनमधून त्याला जागं करतो, एक चित्र काढून घेतो आणि तेच दाखवत राहतो. वारंवार बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं होण्याची मुभा मिळते, असं ॲपलचं लिहिणाऱ्यांसाठीचं मार्गदर्शन सांगतं, म्हणजे पंधरा मिनिटं ते तासाभरात एकदा. कमी बघितलं तर त्याहून कमी. तुमचं बागेचं पान रात्रभर कुणी उघडत नाही, मग पहाटे शिळा आकडा दिसतो.

एक ओळ घाला, म्हणजे मध्यरात्रीनंतर ताजं कर अशी विनंती जाते:

```
w.refreshAfterDate = new Date(new Date().setHours(24, 0, 0, 0))
```

ही विनंतीच आहे. अमुक वेळेच्या आधी नको, एवढाच तिचा अर्थ. नंतर कधी करायचं ते फोन ठरवतो. म्हणून माझा खरा सल्ला वेगळा: आकड्याशेजारी तो ज्या तारखेला काढला ती तारीखही लिहा. "२५/११, दिवस ४४" असं दिसलं की तुम्हाला कळतं की हा कालचा आहे, एक मिळवून घ्या. शिळा आकडा चालतो, पण तो शिळा आहे हे कळलं पाहिजे.

---

सातारची_सून | ९:१०

हे दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखं झालं.

---

कृष्णाकाठ_कराड | ९:२५

बरं, मूळ प्रश्न राहिला की. तीन पानं तीन रंग. टिंट न लावता Shortcuts मधून स्वतःचे आयकॉन करता येतात ना? माझ्या भाचीने असं सगळं फिकट जांभळं केलंय.

---

मिरजेची_तार | दुपारी १:१५

येतात, आणि पानागणिक वेगळा रंग हवा असेल तर तोच एक रस्ता आहे. Shortcuts मध्ये नवीन शॉर्टकट, त्यात Open App, ॲप निवडा, मग Add to Home Screen, तिथे आयकॉनच्या जागी आपला फोटो आणि नाव. मूळ ॲप पानावरून काढायचं. काढताना Remove from Home Screen दाबा. Delete App नव्हे! हे दोन्ही एकाखाली एक येतात आणि घाईत बोट चुकतं.

याची किंमत काय? अशा आयकॉनवर लाल आकडा येत नाही. किती मेल न वाचलेले, ते कळणार नाही. दाबून धरल्यावर ॲपचा छोटा मेनू येतो तोही येत नाही. उघडताना वर एक पट्टी चमकून जाते. आणि Tinted चालू केलंत तर हे तुमचे आयकॉनही त्याच रंगात बुडतात, म्हणून Light वरच राहायचं.

तुमच्या जागी मी असते तर हे केलं नसतं. टिंट घेतला असता, पण रंगहीन. दुसरी पट्टी पार टोकाला नेली की आयकॉन काळ्या चौकोनावर राखाडी-पांढरे होतात. ते कुठल्याही रंगावर चालतात. मग रंग वॉलपेपरला द्यायचा. तीन लॉक स्क्रीन करा. प्रत्येकाच्या जोडीच्या होम स्क्रीनला फोटोऐवजी Color किंवा Gradient निवडता येतं. एक राखाडी, एक हिरवा, एक केशरी. प्रत्येक लॉक स्क्रीन एकेका फोकसला जोडा. फोकस बदलला की त्या मूडचं पान आणि त्या मूडचा रंग, दोन्ही येतात. रंग आयकॉनच्या मागून येतो, एवढंच.

---

कृष्णाकाठ_कराड | १:४०

मला नाही पटत. आयकॉन सगळे काळे-पांढरे म्हणजे सासूबाईंचीच अडचण परत. निदान भाचीच्या पानावर चित्रं तरी वेगवेगळी आहेत, तिने कॅमेऱ्याला फूल आणि गाण्यांना चंद्र लावलाय.

---

भडंगप्रेमी | १:४३

फूल म्हणजे कॅमेरा हे तिला किती दिवस आठवतंय ते विचारा.

---

कृष्णाकाठ_कराड | १:५८

विचारलं. ती खाली ओढून नाव टाकून शोधते म्हणाली.

---

अजिंक्यतारा_७७ | २:००

😌

---

सातारची_सून | २:२५

एक सूचना माझीही. एकच ॲप दोन पानांवर ठेवता येतं. शेवटच्या पानानंतर ॲप लायब्ररी येते, तिथून परत ओढून आणायचं. कॅमेरा बागेतही लागणार आणि निवांतलाही. फोकसमुळे बाकी पानं गायब झाल्यावर "कॅमेरा कुठे गेला" होत नाही.

---

द्राक्षबाग_तासगाव | गुरुवार, रात्री ८:३०

तारताईंच्या रस्त्याने गेलो. राखाडी टिंट, तीन वॉलपेपर, तीन फोकस. बँकेचा फोकस सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच वेळेवर लावला. बागेचा पहाटे पाच ते साडेआठ. निवांत हाताने. काल संध्याकाळी खूष होतो.

आज दुपारी फजिती झाली. बँकेचं पान समोर, काम चालू, फोन शांत. चार वाजता चहाला उठलो तर वडिलांचे तीन मिस्ड कॉल. ट्रॅक्टरवाला दारात येऊन परत गेला. आवाज चालू होता, तरी वाजला नाही. पानं बदलायला लावलेल्या गोष्टीने घरचे फोन का दाबले?

---

जुनं_ते_सोनं | ८:४१

अँड्रॉईडवर असं होत नाही.

---

भडंगप्रेमी | ८:४३

काका, विट्याचं हवामान आलं का?

---

जुनं_ते_सोनं | ८:४४

आलं. ऊन आहे.

---

मिरजेची_तार | ९:२०

चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं. फोकस मुळात आवाज बंद करण्यासाठीच आहे. पानं आणि वॉलपेपर ही त्याला जोडलेली शेपटं. तुम्ही शेपटासाठी आणलंत, पण जनावर अख्खं आलं.

तीनदा फोन येऊनही का वाजला नाही, तर परत-परत येणारा फोन जाऊ देण्याची सोय आहे, पण त्याच माणसाचा दुसरा कॉल तीन मिनिटांच्या आत आला तरच. वडिलांनी बहुतेक दहा-दहा मिनिटांनी केले असणार.

आता उपाय. त्या फोकसमध्ये People वर जा. तिथे दोन पर्याय असतात: Allow Notifications From आणि Silence Notifications From. सगळे जण पहिला निवडतात आणि मग यादीत नसलेला प्रत्येक जण गप्प होतो. तुम्ही दुसरा निवडा आणि यादी रिकामी ठेवा. म्हणजे कुणालाच गप्प करायचं नाही. Apps मध्येही तेच. मग फोकस फक्त पान आणि रंग बदलतो, बाकी फोन जसाच्या तसा. तिन्ही फोकसना वेगवेगळं करावं लागेल. घरी आयपॅड असेल तर Share Across Devices बंद करा, नाहीतर मुलांच्या कार्टूनमध्ये तुमची बँक उघडेल.

---

द्राक्षबाग_तासगाव | ९:३८

बरोबर ओळखलंत, तीन कॉल पाऊण तासात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कामात असशील म्हणून थांबून थांबून केले."

बदल केला. बायकोला शेजारच्या खोलीतून फोन करायला लावला, बँकेच्या फोकसमध्येही वाजला. मेलचे लाल आकडे जागेवर आहेत. आयपॅड नाही.

---

वांगी_बुद्रुक | ९:५५

बागेचा फोकस वेळेऐवजी ठिकाणावर लाव की. बागेत गेलास की आपोआप. रविवारी दुपारी जातोस तेव्हा काय करणार?

---

द्राक्षबाग_तासगाव | १०:०३

आधी तेच लावलं होतं. पण आमचं घर आणि बाग यात एक ओढा आहे फक्त. परसात उभा राहिलो तरी फोनला वाटतं बागेत आलो. रविवारी हाताने लावतो, वरून बोट ओढायचं आणि Focus दाबायचं. कुणाला ठिकाणावर नीट जमलं असेल तर सांगा.

---

कृष्णाकाठ_कराड | १०:१०

माझ्याकडे ऑफिससाठी जमतं, पण ते घरापासून सात किलोमीटर आहे. ओढ्याएवढ्या अंतराचं माहीत नाही.

---

सातारची_सून | १०:३२

लॉक स्क्रीनवर घड्याळ देवनागरी आकड्यांत केलंत का? घड्याळावर दाबून धरा, Customize, मग घड्याळावर टिचकी, अक्षरांच्या पर्यायात पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह दिसेल. सासूबाईंना ते फार आवडलंय. आयकॉन गुलाबी नकोत पण १०:३२ मात्र मराठीत हवं.

---

द्राक्षबाग_तासगाव | शुक्रवार, सकाळी ५:४८

केलं. बागेच्या लॉक स्क्रीनवरच फक्त, बँकेला इंग्रजी आकडेच बरे.

आत्ता बागेत आहे. पाच वाजता पान आपोआप हिरवं झालं. विजेट म्हणतंय "२७/११, दिवस ४६". म्हणजे कालचा, आज ४७. वडील शेजारी उभे आहेत, ते म्हणतात ४८.